H आठ झाले, तरी उत्तर चुकलं

"मी आठवीत शाळा सोडली. मुलगी दहावीत आहे. मी दुकानात असतो तेव्हा ती सायन्सच्या वहीचा फोटो पाठवते, 'बाबा, बरोबर आहे का बघा ना.' मला त्यातलं काही कळत नाही, नुसता अंगठा पाठवून मोकळा होतो. आता हे तिच्याही लक्षात आलंय. मी काय करू?"

इंदूरच्या सियागंजात हार्डवेअरच्या दुकानात माल काढून देणारे एक वडील होते, सातवीपर्यंत शिकलेले. त्यांच्या मुलीचा रासायनिक समीकरणं संतुलित करण्याचा धडा चालू होता. सुरुवात करायला हा धडा बरा, कारण इथली बरीचशी चूक मोजणीत सापडते, आणि नग मोजणं हे तर त्यांचं रोजचं काम.

त्यांना एवढंच सांगितलं: अक्षराआधीचा मोठा आकडा म्हणजे पुड्या किती, आणि अक्षराच्या पायाशी लिहिलेला बारका आकडा म्हणजे एका पुडीत त्या जातीचे नग किती. बारका आकडा नसेल तर नग एकच. 4H₂O म्हणजे चार पुड्या. प्रत्येकीत H दोन, O एक. एकूण H आठ, O चार. बाणाच्या डावीकडे जेवढे नग, तेवढेच उजवीकडे भरले पाहिजेत.

पहिल्या दिवशी घोटाळा फोटोनेच केला. ट्यूबलाइट मुलीच्या पाठीमागे होती, हाताची सावली वहीवर पडली आणि पायाशी लिहिलेले आकडे दिसेनासे झाले. Fe₃O₄ मधला 4 बाबांना दिसलाच नाही, त्यांनी O एकच धरला आणि बरोबर लिहिलेलं चूक ठरवलं. मुलगी चिडली, ते साहजिकच होतं. मग ठरलं की वही सपाट ठेवायची, उजेड बाजूने घ्यायचा, मोबाइल तिरका न धरता सरळ वरून धरायचा आणि एका फोटोत एकच प्रश्न घ्यायचा. सबंध पान पाठवलं की बारके आकडे पुसट होतात. आकडा वाचता आला नाही तर अंदाज करायचा नाही, 'O खाली काय आहे?' एवढंच विचारायचं.

दुसऱ्या दिवशी फोटो स्वच्छ आला. लोखंड आणि वाफेची अभिक्रिया होती:

3Fe + 4H₂O → Fe₃O₄ + H₂

बाबांनी दुकानातल्या बिलाच्या पाठीवर मांडलं. Fe तीन आणि तीन. O चार आणि चार. H डावीकडे आठ, उजवीकडे दोन. 'चूक आहे' असं त्यांनी लिहिलं नाही. 'H इकडे 8, तिकडे 2, परत बघ' एवढंच पाठवलं. उत्तर सांगण्यापेक्षा हा निरोप मला जास्त मोलाचा वाटतो, कारण कुठे बघायचं ते मुलीला कळतं आणि दुरुस्ती तिच्याच हाती राहते.

तिने दुरुस्ती केली, शेवटचं H₂ खोडून H₈ लिहिलं. बाबांनी मोजलं, आठाला आठ, आणि पास करून टाकलं. शाळेत मात्र ते चूक ठरलं. घरी दोघांचीही तोंडं पडलेली.

मोजणी बरोबर होती, पण पुडीच बदलली होती. हायड्रोजन वायूचे अणू जोडीनेच राहतात, म्हणून तो H₂ असाच लिहायचा. पायाचा आकडा बदलला की पदार्थच बदलतो: H₂O म्हणजे पाणी, H₂O₂ म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड. हात लावायचा तो फक्त पुढच्या मोठ्या आकड्याला. म्हणजे इथे 4H₂ हवं होतं.

तेव्हापासून मुलगी दोन फोटो पाठवते, एक वहीचा आणि एक पुस्तकातल्या त्याच अभिक्रियेचा. बाबा आधी प्रत्येक सूत्र अक्षर अन् बारका आकडा धरून पुस्तकाशी जुळवतात, आणि मगच मोजतात. Ca(OH)₂ सारखा कंस आला की त्याला ते खोक्यातलं खोकं म्हणतात: बाहेरचा 2 आतल्या O आणि H दोघांनाही लागतो, Ca ला नाही.

या तपासणीला एक मर्यादा आहे, आणि ती मुलीलाही ठाऊक असावी. तिने एकदा स्वतःच्या मनाने लिहिलं:

Cu + 2HCl → CuCl₂ + H₂

नग चोख जुळतात. पण तांबं हायड्रोजनपेक्षा कमी क्रियाशील असल्यामुळे विरल हायड्रोक्लोरिक आम्लातून हायड्रोजन बाहेर काढू शकत नाही, म्हणजे ही अभिक्रिया घडतच नाही. हे मोजून कळणार नाही. पुस्तकात सापडलं नाही म्हणून बाबांनी लिहिलं, 'मोजणी जुळते, पण असं होतं का ते सरांना विचार', आणि मुलीने वहीत त्या ओळीपुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून ठेवलं.