सीसीआय वर, आरओसी खाली: ऐकायचं कुणाचं?

प्रश्न: हळदीच्या डेली चार्टवर सीसीआय (२०) आणि आरओसी (१०) खालीवर लावलेत. बऱ्याचदा एक वर जातो तेव्हा दुसरा खाली असतो. ऐकायचं कुणाचं?

आरओसी म्हणजे रेट ऑफ चेंज, तो फक्त दोन भाव बघतो, आजचा बंद भाव आणि दहा दिवसांपूर्वीचा. मध्ये काय झालं याचा त्याला पत्ता नसतो. याच मुद्द्यावर आमच्या दाजींचा आणि माझा सांगलीच्या मार्केट यार्डात जुना वाद आहे.

एका संध्याकाळी दाजी म्हणाले, "आरओसी झिरोखाली गेला, मंदी आली," आणि त्यांनी हळदीचा तेजीचा सौदा कापला. मी त्यांना माउस दहा कॅन्डल मागे न्यायला लावला. हळद आदल्या दिवशी १४,५०० वर बंद, त्या दिवशीही १४,५०० वरच. पण आदल्या दिवशी तुलना १४,००० शी होती, म्हणून आरओसी +३.६ टक्के. त्या दिवशी तुलना १५,००० शी आली, कारण दहा दिवसांपूर्वी भाव एका दिवसापुरता उडाला होता. म्हणून −३.३. भाव जागचा हलला नाही आणि रेष सात टक्के कोसळली. वरच्या पट्टीत सीसीआय, म्हणजे कमोडिटी चॅनेल इंडेक्स, जवळपास होता तिथेच होता, कारण तो वीस दिवसांच्या सरासरीशी तुलना करतो. एक उडालेला दिवस तिथे विसातला एक असतो.

म्हणून सीसीआय डोळे झाकून मानायचा का? अजिबात नाही. डोनाल्ड लॅम्बर्टने १९८० मध्ये तो मांडला तेव्हा ०.०१५ हा आकडा अशा बेताने धरला की बहुतेक वेळ रेष +१०० आणि −१०० च्या आत राहावी. दिवसाचा उच्च, नीच आणि बंद यांची सरासरी वीस दिवसांच्या सरासरीपासून किती लांब गेली ते काढायचं, आणि त्याला नेहमीच्या सरासरी फरकाच्या ०.०१५ पटीने भागायचं. बाजार थंड असेल आणि हा नेहमीचा फरक ४० रुपये असेल, तर १२० रुपयांची चाल २०० सीसीआय दाखवते. तोच फरक ४०० असेल तर त्याच १२० रुपयांना फक्त २०.

थंड बाजारातल्या त्या २०० ला भुलून लोक घुसतात. त्याच वेळी खाली आरओसी एक टक्काही नसतो, म्हणजे दलाली आणि मार्जिनचं व्याज जाऊन हाती काय उरणार ते दिसतंच. चाल नेहमीपेक्षा वेगळी आहे का, हे सीसीआयला विचारा. किती मोठी आहे, हे आरओसीला. आरओसीने अचानक झिरो ओलांडला तर आधी दहा दिवसांपूर्वीची कॅन्डल बघा, मगच सौद्याला हात लावा.

पिरियड दोन्हींचा सारखा ठेवा, निदान तुलना तरी एकाच काळाची होईल. आणि दोन्ही एकत्र वर गेले म्हणून दुहेरी पुरावा मिळाला असं समजू नका, दोन्ही एकाच भावातून निघतात. वायद्याचा जोडलेला चार्ट वापरत असाल तर महिना बदलताना भावात जी फट पडते ती आरओसीत पूर्ण दहा दिवस राहते. दाजींना हेही मी त्याच चार्टवर दाखवलंय.