दिंडोरीचे बाबा, निफाडचे काका

«रात्रपाळीत तुमच्या लक्षात आलेली, कधीही न विसरता येणारी चूक कोणती?»

मी नाशिकमधल्या एका रुग्णालयात वॉर्ड क्लार्क होते. रात्री लॅबमधून आलेले रिपोर्ट ज्याच्या त्याच्या फाईलला लावायचे, हे माझं काम.

त्या रात्री शेजारशेजारच्या खाटांवर एकाच आडनावाचे दोघे होते. दिंडोरीच्या बाबांची किडनी निकामी झालेली आणि डायलिसिस सकाळी व्हायचं होतं. निफाडचे काका हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आलेले, बाकी ठणठणीत.

अडीचच्या सुमारास काकांचा रिपोर्ट फाईलला लावताना कालचा कागद दिसला. किडनी बिघडली की रक्तात वाढणारं क्रिएटिनिन काल ०.९ आणि आज ७.४! वाटलं, माझ्याच हातून कागद चुकला. नाव आणि आयपीडी नंबर पाहिला, तर दोन्ही काकांचेच. मग बाबांची फाईल उघडली. काल ७.२, आज ०.९. डायलिसिस न होता निकामी किडनीचं क्रिएटिनिन एका रात्रीत असं उतरत नाही. म्हणजे कागद बरोबर होते, रक्तच एकमेकांच्या नावावर गेलं होतं.

खरी भीती पोटॅशियमची होती, ते फार वाढलं की हृदय थांबू शकतं. काकांच्या नावावर ६.८ आलेलं, आणि इतकं वाढलं की लॅबवाले कागदाची वाट न बघता फोन करतात. फोन येऊन गेला होता, डॉक्टरांनी ऑर्डरही दिली होती. मी वळून पाहिलं, तर सिस्टरच्या ट्रेमध्ये पंचवीस टक्के ग्लुकोजची बाटली आणि भरलेली इन्सुलिनची सिरिंज. काकांचं पोटॅशियम मुळात ठीक असताना ते इन्सुलिन गेलं असतं, तर पोटॅशियमही घसरलं असतं आणि साखरही. आणि बाबा ४.२ च्या कागदाखाली तसेच झोपून राहिले असते.

"सिस्टर, थांबा! हे दोन्ही कागद आधी बघा."

त्यांनी ट्रे तिथेच ठेवला आणि डॉक्टरांना बोलावलं. बाबांचा ईसीजी काढला, त्यात टी वेव्ह उंच, टोकदार आल्या होत्या, म्हणजे पोटॅशियम वाढल्याची खूण. दोघांचं नव्यानं रक्त घेऊन आयसीयूतल्या एबीजी मशीनवर लावलं, काही मिनिटांत आकडे आले. बाबा ६.९, काका ४.१. बाबांना लगेच कॅल्शियम सुरू झालं, मग इन्सुलिन-ग्लुकोज, आणि डायलिसिसच्या टीमला रात्रीच उठवलं.

चूक झाली होती काउंटरवर. दोघांचं रक्त एकाच फेरीत घेतलं, लेबलं मात्र परत आल्यावर रक्ताच्या बल्बवर चिकटवली. एकच आडनाव, आणि लेबलांची अदलाबदल झाली.

ते रिपोर्ट मी फाडले नाहीत, मनानं इकडचे तिकडेही लावले नाहीत. डॉक्टरांनी दोन्हींवर आडवी रेघ मारून 'रद्द', वेळ आणि सही केली, लॅबला कळवलं, आणि ते तसेच फाईलमध्ये ठेवले.

दुसऱ्यांदा रक्त घेताना सिस्टरनी काकांना हलवून उठवलं होतं. "काका, पूर्ण नाव सांगा." काकांनी झोपेतच नाव, वडिलांचं नाव, गाव, सगळं सांगितलं. लेबल तिथेच, खाटेपाशी लागलं.