मिश्र निरोपाचा सारांश मराठीतच कसा राहील?

प्रश्न: कोल्ड स्टोरेजचा निरोप मराठीत असतो, पण थोडक्यात लिहायला घेतला की तो इंग्रजी होऊन बसतो. असं का होतं? निरोप असा: ‘उद्याचं ऑक्शन पॉवर शटडाउनमुळे कॅन्सल केलंय. ज्यांचे लॉट स्टोरेजमध्ये आहेत त्यांनी गुरुवारी दहाच्या आत सॅम्पल आणून द्यावं. लेट आलेलं सॅम्पल नेक्स्ट ऑक्शनला जाईल.’ (तासगाव, जि. सांगली)

उत्तर: या निरोपात नामं बरीचशी इंग्रजी आहेत, तरी तो मराठीच आहे. त्याचं मराठीपण ‘-मुळे’, ‘-मध्ये’, ‘-ला’, ‘च्या आत’ आणि ‘केलंय’, ‘द्यावं’, ‘जाईल’ यांत आहे. सारांश करताना आपण लांबलचक शब्द ठेवतो आणि ही बारकी रूपं गाळतो. मग उरतं ते असं:

‘ऑक्शन कॅन्सल, पॉवर शटडाउन. सॅम्पल सबमिशन गुरुवार १० एएम. लेट सॅम्पल नेक्स्ट ऑक्शन.’

लिपी देवनागरी, पण रचना इंग्रजी. ‘आणून द्यावं’चं ‘सबमिशन’ झालं, म्हणजे मुळात नसलेला इंग्रजी शब्द आत आला. त्याहून मोठं नुकसान अर्थाचं आहे. ‘दहाच्या आत’ म्हणजे दहा वाजण्यापूर्वी, ‘१० एएम’ वाचणारा मात्र बरोबर दहाला येईल. आणि कोणी आणायचं, हे तर गेलंच.

म्हणून नामांपासून सुरुवात करू नका. आधी क्रियापदांखाली रेघ मारा: केलंय, आणून द्यावं, जाईल. प्रत्येकाला कोण, कधी, कुठे एवढंच जोडा, आणि जोडताना प्रत्यय सोडू नका:

‘शटडाउनमुळे उद्याचं ऑक्शन रद्द. स्टोरेजमध्ये लॉट असणाऱ्यांनी सॅम्पल गुरुवारी दहाच्या आत द्यावं. उशिरा आलेलं पुढच्या ऑक्शनला जाईल.’

पहिल्या वाक्यात क्रियापद गाळलंय, ते चालतं. ‘रद्द’ने काम होतं आणि ‘-मुळे’ने कारण जागेवर राहतं. तिसऱ्या वाक्यात ‘सॅम्पल’ गाळूनही अडत नाही, कारण ‘आलेलं’ हे नपुंसकलिंगी रूप मागच्या ‘सॅम्पल’कडेच बोट दाखवतं. ही सोय मराठीत आहे आणि सारांशात ती वापरावीच.

‘लेट’, ‘नेक्स्ट’ यांना सोपे मराठी शब्द आहेत, ते घ्या. ‘लॉट’ आणि ‘सॅम्पल’ मात्र तसेच ठेवा. पावतीवर आणि बोलण्यात तेच असतात, आणि ‘नमुना’ लिहिलात तर काहींना छापील फॉर्म वाटेल. ‘कोल्ड स्टोरेज’चं ‘शीतगृह’ करणं हीसुद्धा भाषा बदलणंच आहे, फक्त उलट दिशेनं: निरोप व्यापाऱ्याचा राहत नाही, सरकारी होतो. ‘ऑक्शन’ऐवजी ‘सौदा’ लिहायला माझी हरकत नाही, पण मग शेवटपर्यंत ‘सौदा’च ठेवा, नाहीतर दोन वेगळ्या गोष्टी वाटतात.

अडचण येते ती अख्खा इंग्रजी तुकडा आला की. ‘पेमेंट सब्जेक्ट टू क्वालिटी चेक’ असं असेल तर जसंच्या तसं उचलू नका, कारण इथं जोडणारे शब्दही इंग्रजी आहेत. ‘पेमेंट क्वालिटी चेकवर अवलंबून’ लिहा. नुसतं ‘पेमेंट, क्वालिटी चेक’ ठेवलं तर अट नाहीशी होते आणि दोन कामांची यादी उरते.