भरीव तोडे, राणी छाप कंबरपट्टा आणि मोडायची एफडी

प्रश्न: सर, मी नाशिकला शिक्षिका आहे. मिस्टरांच्या मित्राकडे सुरगाण्याकडच्या आदिवासी घरातले पायातले चांदीचे तोडे (जोडी ६४० ग्रॅम) आणि राणीचे रुपये लावलेला कंबरपट्टा (४१० ग्रॅम) आहे. तो म्हणतो भरीव आहे, शंभर वर्षं जुनं आहे, म्हणून आजच्या चांदीच्या भावाच्या दीडपट पाहिजे. मुलीच्या अ‍ॅडमिशनसाठी ठेवलेली एफडी आहे, पैसे पुढच्या जूनमधे लागतील. ती मोडून हे घेऊ का? चांदी वाढतेच आहे ना.

उत्तर:

ताई, एफडी मोडू नका. पण एवढंच लिहून सोडलं तर तो मित्र परत येऊन "अहो तुमच्या सरांना चांदीतलं काय कळतं" म्हणेल, म्हणून हिशेब मांडतो. आणि खरं सांगायचं तर वस्तू बघण्यासारखी वाटतेय, किंमत मात्र नाही.

भाव रोज बदलतो म्हणून रुपयात न मोजता शुद्ध चांदीच्या ग्रॅममधेच मोजू. एकूण वजन १०५० ग्रॅम, दीडपट म्हणजे तुम्ही १५७५ ग्रॅम शुद्ध चांदीचे पैसे देणार. आता हातात काय येतं ते बघा. त्या भागातले जुने दागिने बऱ्याचदा कलदार रुपये आटवूनच घडवलेले असायचे, त्या रुपयात चांदी साधारण ९२ टक्के, पण सोनाराने झाळ लावली, कधी थोडं तांबं वाढवलं, की टंच, म्हणजे चांदीची शुद्धता, खाली येतो. तोडे अगदी चांगले निघाले तरी मी ८५ टंचच धरेन, म्हणजे ५४४ ग्रॅम शुद्ध. पट्ट्यात कड्या, हूक, झाळ, दुरुस्त्या सगळं आलं, तो ७० धरू, २८७ ग्रॅम. बेरीज ८३१. उद्या अडचण आली आणि सराफाकडे मोड म्हणून नेलं तर तो आटणीची घट कापणार, ४ टक्के कापली तरी हातात उरले साधारण ७९८. द्यायचे १५७५ चे आणि मिळायचे ७९८ चे, म्हणजे चांदी जवळजवळ दुप्पट झाली की तुम्ही पहिल्या पायरीवर. आणि फी जूनमधे भरायची आहे! हे सगळं माल खरा, भरीव आणि जुना धरून हं.

आता भरीव या शब्दाबद्दल, कारण सगळा खेळ तिथेच आहे. भरीव म्हणजे आत पोकळ नाही एवढंच, आत चांदी आहे असं नाही, पितळही भरीवच असतं. आणि उलटंही खरंय, पोकळ म्हणजे खोटंच असं नाही, पूर्वीही पत्र्याचे पोकळ तोडे करायचे, आत खडे टाकायचे म्हणजे चालताना वाजतील, किंवा पोचे पडू नयेत म्हणून लाख भरायचे. ते खरे जुनेच, फक्त लाखेचं वजन चांदीच्या भावाने विकत घ्यायचं नाही.

हे घरीच कळतं. स्वयंपाकघरातला ५ किलोपर्यंतचा डिजिटल काटा घ्या, त्यावर पाण्याचं पातेलं ठेवा, काटा शून्यावर आणा. मग एक तोडा शिवणाच्या दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असा हातात लोंबता धरा, तळाला किंवा काठाला टेकता कामा नये. काट्यावर जो आकडा येईल तेवढे घन सेंटिमीटर त्या तोड्याचं आकारमान. तोड्याच्या कोरड्या वजनाला त्या आकड्याने भागा. शुद्ध चांदी १०.४९ देते, ९० टंचाची सुमारे १०.३, तांबं ९ च्या जरा खाली, पितळ आणि जर्मन सिल्व्हर साडेआठच्या आसपास (जर्मन सिल्व्हरमधे नावालाही चांदी नसते, तांबं, निकेल, जस्त एवढंच). उत्तर ५ किंवा ६ आलं तर आत हवा नाहीतर लाख आहे, बुडवल्यावर एखाद्या सांध्यातून बारीक बुडबुडे सुटत राहिले तर पोकळच समजा. साडेदहाच्या बरंच वर गेलं तर आत शिसं आहे असा संशय घ्या, कारण चांदी आणि तांब्याची कुठलीच मिसळ तिथे पोचत नाही. लोहचुंबक लावून "बघा, चिकटत नाही" म्हणतात ते सोडून द्या, पितळही चिकटत नाही आणि शिसंही नाही.

एक अट, दोन्ही तोडे वेगवेगळे बुडवायचे. का ते सांगतो. पंचवटीतल्या एक काकू माझ्याकडे म्युच्युअल फंडाच्या कामाला यायच्या, त्यांनी आजीच्या तोड्यांची जोडी आणली होती, गहाण ठेवायची का विकायची विचारायला. सराफ बाजारात टंच मशीनवर दोन्ही चांगले दाखवले होते, त्यामुळे त्या निर्धास्त. मला सवय म्हणून पाण्यात टाकले. पहिला ३२२ ग्रॅम, काट्यावर ३२, भागाकार १०.०६. दुसरा ३१९ ग्रॅम, काट्यावर ३७, भागाकार ८.६. वजनं जवळजवळ सारखी, हातात घेऊन काही कळत नव्हतं, पण शेजारी धरले की दुसरा किंचित जाड. आतल्या बाजूला कानशीने बारीक खाच मारली तर पिवळं दिसलं. मग घरातली गोष्ट निघाली, आजीची जोडी दोघी मुलींनी एकेक वाटून घेतली होती आणि प्रत्येकीने आपल्या तोड्याला जोडीचा दुसरा घडवून घेतला होता, आता तो दुसरा पितळेवर चांदी चढवून केला होता हे कुणाच्या लक्षातच नाही. फसवणूक सोनाराची की पैसे कमी होते म्हणून घरच्यांनीच सांगून केलेला, देव जाणे. मशीन चुकलं नव्हतं, ते वरचा अगदी पातळ थरच वाचतं. आणि खऱ्या चांदीतही ही अडचण असतेच, दागिना पुन्हा पुन्हा तापवून आम्लात उजळला की वरचं तांबं निघून जातं आणि पृष्ठभाग आतल्यापेक्षा चांगला दिसतो. म्हणून टंच बघायचा तर आतल्या, न दिसणाऱ्या जागी कानस मारून मग मशीनखाली धरायला सांगायचं, किंवा गिरमिटाने कीस काढून तो तपासायला द्यायचा.

पाण्याची ही परीक्षा टंच सांगत नाही हेही लिहून ठेवतो, नाहीतर उद्या म्हणाल सर म्हणाले होते. ९० आणि ८० टंचात ३२० ग्रॅमच्या तोड्याला जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा फरक पडतो आणि घरचा काटा एकेक ग्रॅमच दाखवतो. तो पोकळ, पितळ, शिसं पकडेल. पुढचं काम कानशीचं.

जुनेपणा डोळ्याने बघायचा. पायात वर्षानुवर्षं घातलेला तोडा आतून, घोट्याच्या बाजूने गुळगुळीत झिजलेला असतो, आणि एका अंगाला जास्त, कारण चालताना दोन पायातले तोडे एकमेकांना घासतात. तोंडाशी, जिथे फाकवून घालतात, तिथे ताण पडून बारीक भेगा किंवा झाळीची दुरुस्ती दिसते. नवीन मालाला गंधकाचं रसायन लावून काळा करतात, तो काळेपणा सगळीकडे सारखा, आतल्या बाजूला आणि जिथे घासून उजळायला हवं त्या उंचवट्यांवरसुद्धा. दोन्ही तोड्यांच्या नक्षीत तोच खड्डा त्याच जागी असेल तर दोन्ही एकाच साच्यातून निघालेत, हाताने छिन्नी मारणाऱ्याचे दोन ठोके कधी सारखे पडत नाहीत. आणि कुठे ९२५ चा ठसा दिसला तर मित्राला विचारा, शंभर वर्षांपूर्वी सुरगाण्यात हा ठसा कोण मारत होतं. (मी स्वतः एकदा असा ठसा बघूनच हूकावर भाळलो होतो, पट्टा घेतला, हूक खरंच चांदीचा निघाला आणि साखळी सगळी गिलिटाची. कुणाकडून ते जाऊ द्या, चूक माझी, मी हूकच तपासला होता.)

पट्ट्यात म्हणून प्रत्येक भाग वेगळा बघायचा, साखळी वेगळी, हूक वेगळा, नाणी वेगळी. नाण्यांवर साल असतं ते वाचा. पट्टा सगळ्यात नव्या नाण्यापेक्षा जुना असू शकत नाही, पण त्यापेक्षा कितीही नवा असू शकतो, जुने रुपये कालसुद्धा ओवता येतात. राणी छाप रुपया म्हणजे बरोबर एक तोळा, ११.६६ ग्रॅम, झिजून थोडा कमी भरेल, कडीची झाळ असेल तर थोडा जास्त. १९४० ते १९४५ च्या राजाच्या रुपयात चांदी निम्मीच आहे, म्हणजे मधे तसे चारपाच ओवलेले असतील तर माझे ७० टंचही जास्तच झाले. नाण्यांच्या कडेवरच्या रेघा पुसट नाहीत तर मुळातच नाहीत आणि राणीचा चेहरा साबणासारखा गुळगुळीत असेल तर ते ओतीव नकली समजा.

मग जुनेपणाचा म्हणून जो जादा अर्धा भाव मागतोय त्याचं काय? तो देणारा एखादा संग्राहक असतो, आणि तोही वस्तू कुठल्या घरातली हे विचारतो. सराफ तो कधीच देत नाही, त्याच्यासाठी सगळी मोड. शिवाय खरंच शंभर वर्षांपेक्षा जुनी कलावस्तू असेल तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने ती बाहेरदेशी पाठवून विकता येत नाही आणि अशा वस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो. म्हणजे मित्राचं म्हणणं खरं निघालं तर तुमचं गिऱ्हाईक अजून कमी होतं! आणि हे दागिने मूळ घरातून त्याच्याकडे कसे आले ते विचाराच, पाऊस फसला की गहाण पडलेले आणि सोडवता न आलेले तोडे असेच फिरत असतात.

चांदी वाढेल असं वाटतं म्हणून घ्यायची असेल तर फीचे पैसे सोडून जे महिन्याला उरतात त्यातून सिल्व्हर ईटीएफ, म्हणजे चांदीच्या भावावर चालणारा फंड, घ्या, त्यात टंचाची आणि घटीची भानगडच नाही. आणि तोडे आवडले म्हणून हवे असतील, तेही समजू शकतो, तर पट्टा सोडून द्या आणि फक्त तोड्यांचं बोला, एक दिवस घरी ठेवून बघू द्या म्हणावं. पाण्यात दोन्ही दहाच्या आसपास आले आणि कानस मारून टंच ८५ निघाला तर ५४४ ग्रॅम शुद्ध चांदीचा त्या दिवशीचा भाव, वर फार तर दहा टक्के, आणि वजन, टंच, त्याचं नाव लिहिलेली सही केलेली पावती. पैसे ट्रान्सफरनेच द्या, आणि ते एफडीतले नकोत. पाण्यात बुडवायलाच नको म्हणाला तर चहा पाजा आणि तोडे परत द्या.