सनापुढे ‘का’ लिहा, शब्दापुढे ‘कोणाच्या हाताखाली’

प्रश्न : एम.ए. इतिहास, मराठी माध्यम. मध्ययुगीन युरोपातल्या धर्मसंस्थांचा पेपर तीन आठवड्यांवर आलाय. टाइमलाइन आणि शब्दसूची करून उजळणी करायची आहे, पण माझी टाइमलाइन म्हणजे नुसती सनांची यादी होतेय. तुम्ही कशी केली होती?

उत्तर : माझीही पहिली टाइमलाइन तशीच होती. भिंतीवर सहा कागद, त्यावर सत्तरेक सन. पेपरात ‘क्लूनी आणि सिस्टर्शियन सुधारणांची तुलना करा’ असं आलं. मला ९१० आठवलं, १०९८ आठवलं, आणि मधली जवळजवळ दोनशे वर्षं कोरी! पुढच्या परीक्षेला मी सन बावीसवर आणले आणि प्रत्येकाखाली दोन ओळी लिहिल्या. पहिलीत काय झालं ते, आणि दुसरीत, लाल पेनाने, ते कोणत्या अडचणीवरचा उपाय होतं ते. लाल ओळ लिहिता येत नसेल तर तो सन तुम्हाला अजून कळलेला नाही, असं धरून चाला. आणि ‘चर्चची सत्ता वाढली’ ही लाल ओळ नव्हे. ती कुठल्याही सनाखाली खपते, म्हणजे एकाही सनाला लागू नाही.

लाल ओळ सुचावी म्हणून मी एकच प्रश्न धरून बसलो होतो : मठाचा प्रमुख कोण नेमतो, आणि त्याच्यावर नजर कोण ठेवतो? हा प्रश्न घेऊन चाललं की सन आपोआप एकमेकांना धरून उभे राहतात.

सुरुवात साधारण ५३०च्या सुमाराच्या बेनेडिक्टच्या नियमापासून करा. तिथे प्रत्येक मठ स्वतंत्र आणि ॲबटची निवड मठातले भिक्षूच करणार. प्रत्यक्षात पुढच्या शतकांत ज्या सरदाराने जमीन दिली, तो मठाला घरचीच मालमत्ता समजू लागला आणि आपल्या मर्जीतला माणूस ॲबट म्हणून बसवू लागला. या पार्श्वभूमीवर ९१० वाचा. ॲक्विटेनचा ड्यूक विल्यम क्लूनीची जमीन देतो आणि दानपत्रातच लिहून ठेवतो की मी, माझे वारस किंवा राजा, कोणीही इथे हात घालायचा नाही. मठ पीटर आणि पॉल या संतांच्या नावावर आणि रक्षण पोपकडे.

इथे बहुतेकांची एक चूक होते. ‘९१० साली क्लूनी बिशपच्या अधिकारातून मुक्त झाली’ असं सर्रास लिहिलं जातं. ९१०ची सुटका सरदारापासून होती. बिशपपासूनची सूट पोप पाचव्या ग्रेगरीने ९९८ साली दिली, आणि एकोणिसाव्या जॉनने १०२४ साली ती क्लूनीच्या भिक्षूंना, ते कुठेही असले तरी, लागू केली. म्हणून टाइमलाइनवर क्लूनीच्या तीन नोंदी हव्यात. शंभरेक वर्षांचं हे अंतर उत्तरात दाखवलं की तपासणाऱ्याला कळतं, मुलाने फक्त गाइड वाचलेलं नाही.

मग १०९८. क्लूनीखाली तोवर शेकडो घरं आली होती, पण त्यातल्या बहुतेकांना स्वतःचा ॲबट नव्हता. तिथे प्रायर असे, आणि तो क्लूनीचा ॲबट नेमत असे. सरदाराच्या हातून सुटलेले मठ एका मोठ्या मठाच्या हातात गेले. सीतोच्या सिस्टर्शियनांनी याचं उत्तर वेगळं काढलं. पोपने १११९ साली मंजूर केलेल्या त्यांच्या सनदेनुसार प्रत्येक घराला आपला ॲबट. ज्या मठातून ते घर निघालं, त्याचा ॲबट दरवर्षी येऊन पाहणी करणार, आणि सगळे ॲबट वर्षातून एकदा सीतोला सभेसाठी जमणार. आता तुलना लिहायला घ्या. पांढरे झगे, साधी चर्चं, अंगमेहनत हे सगळं येऊ द्या, पण कणा हाच.

पोप आणि सम्राटाचा झगडा (१०५९, १०७५, १०७७, ११२२) मी वर वेगळ्या पट्टीत ठेवला होता. क्लूनीपासून सातव्या ग्रेगरीकडे ठळक बाण काढायचा मोह होतो, जुन्या पुस्तकांत तो आहेही. इतकं सरळ नातं आता फारसे इतिहासकार मानत नाहीत. तुटक रेघ काढा.

शब्दसूचीचं दुखणं मराठी माध्यमवाल्यांना जास्त. ॲबी, प्रायरी, फ्रायरी, कॉन्व्हेंट, सगळ्यांना आपल्याकडे एकच शब्द : मठ. त्यामुळे वर सांगितलेला क्लूनीचा सगळा मुद्दा भाषांतरातच बुडतो. सूचीत मूळ शब्दच देवनागरीत ठेवा आणि पुढे अर्थाऐवजी ‘प्रमुख कोण, कोणाच्या हाताखाली’ ते लिहा. कॉन्व्हेंट म्हटलं की आपल्याला इंग्रजी शाळा नाहीतर नन्स आठवतात. पण जुन्या गोव्यात पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय ज्या इमारतीत आहे, ते फ्रान्सिस्कन फ्रायरांचं, म्हणजे पुरुषांचं, कॉन्व्हेंट होतं.

दुसरा सापळा ‘सेक्युलर क्लर्जी’. माझ्या वर्गातल्या एकाने ‘धर्मनिरपेक्ष पाद्री’ लिहिलं होतं, आम्ही आठवडाभर हसत होतो. सेक्युलम म्हणजे जग. लोकांत राहून चर्च चालवणारा, बिशपच्या हाताखालचा पाद्री तो सेक्युलर. आणि ‘रेग्युलर’ म्हणजे रोज हजर असणारा नव्हे, तर रेग्युला, म्हणजे मठाचा नियम, पाळणारा. हे दोन शब्द सूचीत शेजारीशेजारी ठेवा, एकाशिवाय दुसरा समजत नाही. प्रत्येक शब्दापुढे टाइमलाइनवरचा एक सनही टाका. ज्या शब्दाला सन सापडत नाही, तो बहुधा परीक्षेपुरता लागत नाही.

सूची आणि टाइमलाइन एकत्र कशा चालतात ते १२१५ला दिसतं. चौथ्या लॅटरन परिषदेने ठरवलं की नवे संघ नकोत, कोणाला काढायचाच असेल तर आधी मान्य असलेला नियम घ्यावा. म्हणून १२१६ला मंजुरी मिळालेल्या डॉमिनिकच्या प्रचारकांनी ऑगस्टीनचा जुना नियम घेतला. मग १२२३ला फ्रान्सिसचा नवा नियम मंजूर कसा झाला? कारण तिसऱ्या इनोसंटने १२०९च्या सुमारास त्याला तोंडी परवानगी आधीच दिली होती. म्हणजे ‘मंजुरी’ हाही सूचीतला शब्द झाला : तोंडी की लेखी, ते प्रत्येक संघापुढे लिहा.

तीन आठवड्यांपैकी एकच आठवडा बनवण्यात घालवा. उरलेल्या दिवसांत सन झाकून फक्त लाल ओळी वाचा आणि क्रम लावा, दुसऱ्या दिवशी उलट. मी कागदाच्या पट्ट्या कापून आईला त्या पिसायला द्यायचो. क्रम लागत नसेल तिथे लाल ओळ ढिली आहे, तीच पुन्हा लिहा. आणि एका पुस्तकात क्लूनी ९०९ तर दुसऱ्यात ९१० दिसलं, तर घाबरू नका, दोन्ही छापले जातात. तुमच्या विभागाच्या वाचनयादीतल्या मुख्य पुस्तकातला घ्या आणि सगळीकडे तोच ठेवा.