रेझ्युमे ठेवून घेतो म्हणाले, मग काय बोलायचं

प्रश्न: इंटरव्ह्यूच्या शेवटी फक्त "तुमचा रेझ्युमे आमच्याकडे ठेवतो" एवढंच म्हणाले. यावर काय बोलायचं?

उत्तर: मी चाकणच्या एका कंपनीत एचआरला आहे आणि हे वाक्य मी स्वतः बऱ्याच जणांना बोललेय. बहुतेक वेळा त्याचा अर्थ "नाही" असाच असतो. पण कधीकधी तुम्ही दुसऱ्या नंबरवर असता आणि पहिला जॉइन होईपर्यंत आम्हाला काहीच सांगता येत नाही.

फरक कळायला मागचं आठवून बघा. नोटीस पिरियड किती, पगाराची अपेक्षा काय, कमी दिवसांत सुटता येईल का, हे खोदून विचारलं होतं का? मग थोडी आशा आहे. यातलं काहीच न विचारता उठले असतील तर सहसा नाहीच.

तिथल्या तिथे एकच विचारायचं, "चालेल मॅडम, फक्त एवढं सांगाल का, या जागेसाठी माझं नाव अजून विचारात आहे की पुढे दुसरी जागा निघाली तर बघणार?" उत्तर गोलमोल आलं तरी चालेल, आढेवेढे घेतले की अंदाज येतोच. तिथे आणखी ताणू नका.

मग दुसऱ्या दिवसापर्यंत मेल टाका, आणि तो इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं होतं त्याच मेलला रिप्लाय करून, नवीन मेल टाकला की तो आमच्याकडे शेकडो मेलमध्ये हरवतो. चार ओळी बास, कुठली पोस्ट, नोटीस किती दिवसांची, किती कमी होऊ शकते, आणि इंटरव्ह्यूत ज्या प्रश्नाला अडखळलात त्याचं नीट उत्तर.

आमच्याकडे क्वालिटी इंजिनिअरच्या जागेला असंच झालं. निवडलेल्या मुलाची नोटीस ६० दिवसांची, आणि ५० व्या दिवशी त्याच्या जुन्या कंपनीने पगार वाढवून त्याला थांबवून घेतलं. इकडे कस्टमरचं ऑडिट तोंडावर आलेलं, नव्याने जाहिरात देऊन माणूस शोधायला वेळच नव्हता. मी इंटरव्ह्यूच्या बोलावण्याचा जुना मेल काढला, त्याच्या रिप्लायमध्ये एका मुलाने लिहिलं होतं की नोटीस ३० दिवसांची आहे पण १५ दिवसांत सुटू शकतो, आणि पीपीएपीची, म्हणजे पार्टला कस्टमरची मंजुरी घ्यायची फाइल त्याने स्वतः कशी बनवली तेही दोन ओळींत, जे इंटरव्ह्यूत त्याला धड सांगता आलं नव्हतं. त्यालाच फोन केला. तिसरा उमेदवारही तेवढाच चांगला होता खरं तर, पण तो किती दिवसांत येऊ शकेल हे माझ्याकडे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

म्हणून दुसरा मेल आठवड्याभरात नको, साधारण दीड-दोन महिन्यांनी टाका. निवडलेल्या माणसाची नोटीस संपायची वेळ तीच असते आणि गळती तेव्हाच होते. त्याच मेलखाली लिहा, "अजून इच्छुक आहे, आता इतक्या दिवसांत जॉइन होऊ शकतो." मधल्या काळात बाकीचे इंटरव्ह्यू थांबवू नका, आणि या दुसऱ्या मेललाही उत्तर आलं नाही तर त्या जागेचा नाद सोडा, तिसरा मेल पाठवू नका.