बीजीव्हीचा फॉर्म भरण्याआधी

प्रिय,

ऑफर हातात आली, आता एक-दोन दिवसांत बीजीव्हीची, म्हणजे तुझ्या आधीच्या नोकरीच्या पडताळणीची, लिंक येईल. ती उघडण्याआधी तुझा सीव्ही, जुन्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर आणि पीएफची नोंद एकमेकांशेजारी ठेव. ईपीएफओच्या मेंबर पोर्टलवर लॉगिन करून View मध्ये Service History बघ. तिथे प्रत्येक कंपनीसमोर रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख असते. पडताळणी करणारी एजन्सी बहुतेक वेळा हेच बघते, आणि जुन्या एचआरला मेल करून तारखा नि हुद्दा विचारते.

समज, सीव्हीवर तू लिहिलंस 'टेस्ट लीड, जून 2021 ते एप्रिल 2023'. लेटर म्हणतं 'टेस्ट इंजिनिअर, 14 जून 2021 ते 17 मार्च 2023'. पुढची नोकरी 2 मेला सुरू झाली. नोटीस पिरियड एप्रिलपर्यंत होता, पण कंपनीने आधीच मोकळं केलं. फुल अँड फायनलचे पैसे एप्रिलमध्ये आले म्हणून तू एप्रिल धरलास. तिघांचं काम तू बघायचास म्हणून 'लीड' लिहिलंस. दोन्ही गोष्टी समजण्यासारख्या आहेत, पण एचआरच्या सिस्टिममध्ये त्या नाहीत. रिपोर्टमध्ये येईल ते एवढंच: हुद्दा वाढवला, दीड महिन्याची गॅप लपवली.

फॉर्ममध्ये गुपचूप खऱ्या तारखा भरून सीव्ही तसाच ठेवू नकोस. दोन्ही कागद एकाच फाईलमध्ये असतात, फरक तिथेच उघडा पडतो. फॉर्म भरण्याआधी रिक्रूटरला मेल कर. फोन नको, फोनचा पुरावा राहत नाही.

मेल सहा-सात ओळींचा पुरे: "माझ्या सीव्हीत दोन दुरुस्त्या आहेत. आधीच्या कंपनीतला शेवटचा दिवस 17 मार्च 2023 होता, एप्रिल नव्हे. फुल अँड फायनलचे पैसे एप्रिलमध्ये आले म्हणून मी चुकून एप्रिल धरला. 18 मार्च ते 1 मे मी नोकरीत नव्हतो. रेकॉर्डवरचा हुद्दा टेस्ट इंजिनिअर आहे. 'लीड' हे कामाचं स्वरूप होतं. लेटर आणि दुरुस्त सीव्ही जोडत आहे." रडगाणं नको, जुन्या मॅनेजरवर खापर नको.

पीएफमध्ये सोडल्याची तारीखच नसेल, तर जुन्या एचआरकडे मागणी कर. शेवटच्या वर्गणीला दोन महिने उलटले असतील तर Manage मधल्या Mark Exit वरून तुलाही ती भरता येते. भरताना लेटरवरचीच तारीख टाक, कारण ती नंतर बदलून घेणं फार किचकट असतं. थर्ड पार्टी पेरोलवर असशील तर तिथे कंत्राटदाराचं नाव दिसेल, क्लायंटचं नाही. तेही मेलमध्ये लिहून टाक.

'टेस्ट लीड' लिहिल्यामुळेच पगाराचा आकडा वर गेला असेल, तर मेल पाठवल्यावर आकडा खाली येऊ शकतो, क्वचित ऑफरही जाते. म्हणून लेखी उत्तर आल्याशिवाय आत्ताच्या नोकरीचा राजीनामा टाकू नकोस.